घसारा कुठल्या वहीतला?

एका भागीदारी संस्थेला दहा लाखांचं छपाईयंत्र घ्यायचं आहे. यंत्र पाच वर्षं चालेल, भंगाराचे काही येणार नाहीत आणि दरवर्षी खर्च वजा जाता तीन लाख हातात पडतील. करदर ३० टक्के (उपकर सोडून दिला), वर्तमान मूल्य काढायचा दर १० टक्के. यंत्र घ्यावं का?

सरळ रेषा पद्धतीने घसारा दरवर्षी दोन लाख. करपात्र नफा एक लाख, कर ३०,०००, निव्वळ नफा ७०,०००. पुष्कळ वह्यांत हेच ७०,००० रोख म्हणून पुढे नेलेले दिसतात. पण घसाऱ्याचे दोन लाख यंदा कुणाच्या हातात दिलेले नसतात. यंत्राचे पैसे पहिल्याच दिवशी गेले. ते दोन लाख परत मिळवले की रोख २,७०,००० होते. पाच वर्षांच्या या रकमांचं आजचं मूल्य सुमारे १०,२३,५०० येतं. गुंतवणूक वजा जाता २३,५०० वर उरतात, तेव्हा यंत्र घ्यावं.

मात्र हा घसारा संस्थेच्या स्वतःच्या वहीतला आहे. रोख बदलते ती फक्त करामुळे, आणि प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्राला १५ टक्के घसारा मिळतो, तोही घटत्या शिलकीवर. पहिल्या वर्षी दीड लाख, मग १,२७,५००, असं करत पाचव्या वर्षी जेमतेम ७८,३००. करातली बचत ४५,००० वरून २३,५०० पर्यंत उतरते. आता पाच वर्षांचं गणित ७३,५०० रुपये तोट्यात जातं.

इथे थांबू नये. पाचही घसाऱ्यांची बेरीज करून पाहा. ती दहा लाखांना पोचत नाही. ४,४३,७०० शिल्लक राहतात. त्यांचं काय झालं, हे उत्तरात दिसलं नाही तर गणित अर्धवट आहे.

पुस्तकी गणितांत बहुधा ही शिल्लक पाचव्या वर्षाअखेर तोटा म्हणून दाखवतात आणि तिच्यावर ३० टक्के कर वाचला असं धरतात. त्याचं आजचं मूल्य सुमारे ८२,६५० होतं आणि प्रकल्प ९,१०० रुपयांनी पुन्हा फायद्यात येतो. कायद्यात ही सवलत इतकी सरळ नाही. तिथे एका दराच्या सारख्या यंत्रांचा एकच गट धरतात. गटात दुसरी यंत्रं असतील तर आपलं यंत्र भंगारात गेलं तरी शिल्लक गटातच राहते आणि तिच्यावर पुढची कित्येक वर्षं १५ टक्क्यांनी घसारा मिळत राहतो. त्या लांबलेल्या बचतीचं आजचं मूल्य सुमारे ४९,६०० भरतं; म्हणजे प्रकल्प २३,९०० रुपये तोट्यात. गटात एकही यंत्र उरलं नाही तर उरलेली रक्कम अल्पकालीन भांडवली तोटा ठरते, आणि तो धंद्याच्या नफ्यातून वळता होत नाही. त्यासाठी भांडवली नफाच लागतो.