मागणं स्पष्ट असावं : लेखांक ६
‘मला वाटतं’ आणि ‘कदाचित’

१३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनच्या विमानतळावर दुपारभर बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावू लागलं, तेव्हा सुकाणू सहवैमानिकाच्या हातात होतं. उड्डाण सोडून द्यायचं की नाही, हे ठरवणार होते शेजारी बसलेले कॅप्टन. इंजिनाच्या तोंडाशी असलेली दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली होती. त्यामुळे काटा २.०४ दाखवत होता आणि प्रत्यक्ष जोर होता सुमारे १.७० इतकाच.

सहवैमानिकाला ते खटकलं. कॉकपिटमधलं बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं आहे. आधी त्याने विचारलं, हे बरोबर दिसत नाही, नाही का? लगेच म्हणाला, हे बरोबर नाही. कॅप्टन म्हणाले, बरोबरच आहे, वेग ८० झाला. त्यावर सहवैमानिकाचं उत्तर असं : नाही, मला नाही वाटत हे बरोबर आहे... कदाचित असेलही.

थांबायला तेव्हा धावपट्टी पुरेशी होती. विमान उडालं, पण उंची घेऊ शकलं नाही. ते पुलावरच्या गाड्यांना धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं. ७८ माणसं गेली. इंजिनाच्या काट्यांकडे लक्ष वेधूनही कॅप्टननी उड्डाण थांबवलं नाही, ही चौकशी अहवालाने दाखवलेल्या कारणांपैकी एक. पण सहवैमानिकाने अधिक ठामपणे बोलायला हवं होतं, असंही अहवाल सांगतो.

इथे एक गोष्ट सहज निसटते. ‘वाटतं’ आणि ‘कदाचित’ गाळले असते तरी काम भागलं नसतं, कारण ‘हे बरोबर नाही’ हे एकदा तो सरळ बोललाच होता. त्याच्या चारही वाक्यांत मागणी कुठेच नव्हती. काय बिघडलंय आणि काय करायचं, हे ऐकणाऱ्याने ताडायचं होतं. वेग वाढत असताना कॅप्टननी ते आपल्या सोयीने ताडलं.

वैमानिकांच्या प्रशिक्षणात आता अशा वेळी बोलायची एक पाच पायऱ्यांची रीत शिकवतात. हाक मारायची, काळजी सांगायची, अडचण सांगायची, उपाय सुचवायचा, होकार मागायचा. त्या दुपारी ते असं झालं असतं : ‘कॅप्टन, मला काळजी वाटते. काटा जोर दाखवतोय, पण विमान वेग घेत नाहीये. उड्डाण थांबवू या. ठीक?’ ‘वाटते’ इथेही आहेच, पण ते काळजीला चिकटलंय, निरीक्षणाला नाही. शेवटचा प्रश्नही मिळमिळीत नाही. समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

रोजच्या कामात जीव जात नाहीत, बिलं अडकतात. ऑफिसातला नेहमीचा मेसेज पाहा : ‘सर, जस्ट आठवण करून देत होते. आय थिंक छापखान्याचं बिल पेंडिंग आहे. मेबी या आठवड्यात जमलं तर बघाल का?’ तिन्ही शब्द आणि त्यांच्या आसपासचा पसारा उडवला तर उरतं ‘बिल पेंडिंग आहे, बघाल का’. थोडं बरं, पण सरांनी बघायचं काय आणि कधी? शब्द गेले त्या जागी माहिती यायला हवी : ‘सर, छापखान्याचं ४८,००० रुपयांचं बिल तुमच्या सहीसाठी थांबलंय. शुक्रवारी पैसे मिळाले नाहीत तर ते अंक छापायला घेणार नाहीत. गुरुवारी दुपारी चारपर्यंत सही कराल का?’

‘जस्ट’च्या जागी रक्कम आली, ‘मेबी’च्या जागी वार आणि वेळ. ‘आय थिंक’ला तर जागाच नव्हती, बिल थकलंय की नाही, हे फाइल उघडली की कळतं. ‘कराल का’ मात्र ठेवलेलं बरं. ते वरिष्ठांशी बोलण्याचं वळण आहे, त्याने मागणी ढिली पडत नाही. ‘जरा’चंही तेच. ‘जरा सही करता का’मधला ‘जरा’ काढण्याच्या भरात ‘सही करा’ लिहिलं, तर चारचौघांत तो हुकूम ठरतो.

खरी शंका असेल तेव्हा ती लपवणंही चूकच. छापखान्याने शुक्रवार पक्का केला नसेल, तर ‘बहुतेक शुक्रवार’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘तारीख त्यांनी अजून पक्की केलेली नाही, आज संध्याकाळी फोन करून कळवते’ हे लिहावं. शंका नेमकी कशाची आहे आणि ती कधी फिटेल, हे वाचणाऱ्याला समजतं.

आणि उत्तरच आलं नाही तर? कॉकपिटमध्ये कॅप्टन विमान चालवत असताना दोनदा बजावूनही नीट प्रतिसाद मिळाला नाही, तर सहवैमानिकाने विमान आपल्या ताब्यात घ्यावं, असा नियम अनेक कंपन्यांत शिकवला जातो. कारकुनाला सही ताब्यात घेता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या मेसेजमध्ये पहिलीच विनवणी आणखी मऊ करून पाठवण्याऐवजी पुढचं पाऊल लिहायचं : ‘चारपर्यंत सही झाली नाही, तर अंक सोमवारी निघेल असं मी वितरकांना कळवते.’