खोक्यात डबे किती मावतात?

लोणावळ्याची चिक्की पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यांतून विकली जाते आणि असे बरेच डबे एका मोठ्या खोक्यात भरून दुकानांत पोचतात. पॅकिंगच्या धंद्यात छोट्या डब्याला ‘मोनो कार्टन’ आणि मोठ्या खोक्याला ‘मास्टर कार्टन’ म्हणतात. एका मास्टरमध्ये किती मोनो भरायचे, हा आकडा खोक्यांची ऑर्डर देण्याआधीच ठरवावा लागतो. तो ठरवायला बहुतेक जण पहिल्यांदा जो हिशोब करतात, तो फसवा असतो.

समजा, चिक्कीचा डबा १५ सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ६ उंच आहे. खोका ४० लांब, ३० रुंद, २५ उंच. (मापं हिशोबाला सोपी जावीत म्हणून घेतली आहेत.) डब्याचं घनफळ ९०० घन सेंटिमीटर, खोक्याचं ३०,०००. भागाकार केला की ३३ आणि वर थोडं उरतं. म्हणजे ३३ डबे बसतील? या भागाकारातून एवढंच कळतं की ३४ डबे कधीच बसणार नाहीत. ३३ बसतील की २० वरच अडकू, याबद्दल तो काहीच सांगत नाही. घनफळाचा भागाकार धान्याला किंवा पाण्याला चालतो, कारण ते मिळेल त्या फटीत शिरतं. डबा अर्धा कापून कोपऱ्यात बसवता येत नाही.

म्हणून भागाकार प्रत्येक बाजूचा वेगळा करायचा आणि अपूर्णांक टाकून द्यायचा. डबा आडवा ठेवून त्याची १५ ची बाजू खोक्याच्या ४० च्या बाजूला लावू. ४० मध्ये १५ दोनदा जातात, १० सेंटिमीटर उरतात. रुंदीच्या ३० मध्ये १० बरोबर तीनदा. उंचीच्या २५ मध्ये ६ चारदा. दोन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे २४ डबे. आता तोच डबा आडवाच ठेवून फक्त पाव वळण द्या. ४० मध्ये १० चारदा, ३० मध्ये १५ दोनदा, वर तेच चार थर. झाले ३२! डबा तोच, खोका तोच, फक्त तोंड फिरवलं आणि आठ डबे वाढले.

डबा आडवा, कुशीवर किंवा उभा असा तीन प्रकारे ठेवता येतो आणि प्रत्येक प्रकारात त्याला असं पाव वळण देता येतं. म्हणून तपासायच्या मांडण्या सहा. आपल्या डब्यासाठी उरलेल्या चार मांडण्यांचं उत्तर २४, २०, २० आणि १८ येतं. सर्वांत वाईट मांडणीत डबा उभा आहे आणि त्याची ६ ची बाजू खोक्याच्या लांबीला लागली आहे. खाली सहा गुणिले तीन असे १८ डबे बसतात, पण उंचीचे १५ सेंटिमीटर संपल्यावर वर १० सेंटिमीटर मोकळे राहतात आणि तिथे दुसरा उभा थर येत नाही. खोक्याचा दोन पंचमांश भाग नुसती हवा.

सहाही मांडण्या कागदावर तपासायला पाच मिनिटं पुरतात. तरीही अनेक ठिकाणी डबा जसा हातात येतो तसाच भरला जातो आणि ‘एवढेच बसतात’ हे कायमचं ठरून जातं.

आता उरलेल्या जागेकडे पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. ३२ डब्यांच्या मांडणीत खोक्याचा तळ काठोकाठ भरतो. चार थरांची उंची २४ होते आणि वर फक्त एक सेंटिमीटर मोकळा राहतो. या पातळ पोकळीचं घनफळ ४० गुणिले ३० गुणिले १, म्हणजे १,२०० घन सेंटिमीटर. एका डब्याला ९०० लागतात. घनफळाच्या हिशोबाने जागा डब्यापेक्षा मोठी आहे, पण एक सेंटिमीटर उंचीत सहा सेंटिमीटरचा डबा कसा जाणार? उरलेली जागा किती आहे यापेक्षा ती कुठे आणि कोणत्या आकारात साचली आहे, याला महत्त्व. सगळी शिल्लक एका जागी गोळा झाली तर ती कामाची. चार बाजूंना कागदासारखी पसरली तर वाया.

मग ती गोळा करता येईल का? आतापर्यंत आपण सगळे डबे एकाच तोंडाने ठेवले. ते बंधन सोडून द्या आणि खोक्याच्या उंचीकडे पाहा. २५ म्हणजे १५ अधिक १०. म्हणजे खालचा थर उभ्या डब्यांचा आणि वरचा कुशीवर ठेवलेल्यांचा केला, तर उंचीत काहीच वाया जात नाही. उभा डबा तळावर १० गुणिले ६ जागा घेतो. ४० च्या बाजूला १० चे चार आणि ३० च्या बाजूला ६ चे पाच लावले की तळ पूर्ण भरतो आणि २० डबे बसतात. वरच्या थरात प्रत्येक डबा १५ गुणिले ६ जागा घेतो. तिथे सगळे एका दिशेने लावले तर जास्तीत जास्त १२. एकूण पुन्हा ३२, म्हणजे फायदा शून्य.

पण त्या थराचेच दोन भाग करा. एका टोकाला १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पाच डबे, त्यांची लांबी खोक्याच्या लांबीला समांतर. उरलेल्या २५ सेंटिमीटरमध्ये डबे पाव वळण देऊन लावा, ६ चे चार, म्हणजे २४ सेंटिमीटर, आणि रुंदीत १५ चे दोन. तिथे आठ. पाच आणि आठ तेरा, खालचे वीस, एकूण ३३. घनफळाने जी कमाल मर्यादा सांगितली होती, तीच गाठली. शिल्लक उरली फक्त वरच्या थरातली एक सेंटिमीटरची फट.

असं कोडं सुटलं की बरं वाटतं, पण मी स्वतः पॅकिंगला ३२ चीच मांडणी सांगेन. ३३ च्या मांडणीत खालचे वीस डबे त्यांच्या सर्वांत लहान बाजूवर उभे राहतात, आणि आत चिक्कीच्या वड्या एकावर एक रचलेल्या असतील तर त्या घसरून तुटतात. शिवाय भरणाऱ्याला दोन थर, तीन दिशा लक्षात ठेवाव्या लागतात. घाईत एखादा डबा उलटा गेला की शेवटचा बसत नाही आणि खोका पुन्हा रिकामा करावा लागतो. ३२ मध्ये चार थर, प्रत्येकात आठ. झाकण उघडून वरून एक नजर टाकली तरी कमी-जास्त कळतं.

इथे ३३ हीच कमाल आहे हे आपल्याला खात्रीने सांगता आलं, कारण घनफळाची मर्यादा आणि प्रत्यक्ष मांडणी एकाच आकड्यावर आली. नेहमी तसं होत नाही. डच गणिती निकोलास दे ब्रॉइन यांच्या सात वर्षांच्या मुलाकडे १ × २ × ४ मापाच्या विटा होत्या आणि त्याला ६ × ६ × ६ ची पेटी त्यांनी भरता येईना. घनफळ सांगतं की २१६ भागिले ८, बरोबर २७ विटा, बाकी शून्य. तरीही पेटी भरत नव्हती. वडिलांनी विचार केला आणि १९६९ मध्ये या प्रश्नावर शोधनिबंधच प्रसिद्ध केला.

पेटी भरत नाही याचं एक कारण कोणालाही समजेल असं आहे. पेटीचे २ × २ × २ चे २७ ठोकळे कल्पा आणि त्यांना बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीने काळे-पांढरे रंग द्या, कोपऱ्यांतले काळे. काळे ठोकळे १४ होतात, पांढरे १३. वीट आडवी, उभी, कशीही ठेवली तरी ती चार घरं काळी आणि चार पांढरी व्यापते. म्हणजे पेटी भरायची तर काळी आणि पांढरी घरं सारखी हवीत. ती तर ११२ आणि १०४ आहेत. पांढरी घरं २६ विटांतच संपतात, सत्ताविसावीसाठी काही शिल्लक नाही. बाकी शून्य येऊनही एक वीट बाहेरच राहते.

कुठल्याही मापांना लागू पडेल असं एकच सोपं सूत्र या प्रश्नाला नाही. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत मांडणी ठरवायला संगणकावरचे प्रोग्रॅम वापरतात. छोट्या धंद्याला सहा सरळ मांडण्या आणि एखाद-दोन मिश्र मांडण्या तपासल्या तरी पुष्कळ होतं.

मात्र हे सगळं गणित एका चुकीच्या मापाने कोसळतं. खोक्याचं ४० × ३० × २५ हे माप बाहेरचं की आतलं? तीन पदरी, म्हणजे ३ प्लाय पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटर जाड असतो. माप बाहेरचं असेल तर लांबी-रुंदीत दोन्ही भिंतींचे मिळून सहा मिलिमीटर जातात. वर-खाली फ्लॅप दुहेरी असल्याने उंचीत बारा. आत उरतात ३९.४ × २९.४ × २३.८. घनफळ जेमतेम आठ टक्क्यांनी घटलं. पण ३९.४ मध्ये १० आता तीनदाच जातात, २९.४ मध्ये १५ एकदाच आणि २३.८ मध्ये ६ तीनदाच. ३२ डब्यांची मांडणी ९ वर आली! सहाही सरळ मांडण्या पुन्हा तपासल्या तर जास्तीत जास्त १६ डबे मिळतात. ज्या मांडणीत सर्वांत कमी जागा वाया जात होती, तिलाच सर्वांत मोठा फटका बसला, कारण तिच्यात चुकीला वावच नव्हता.

उलट बाजूने भरलेला डबाही कागदावरच्या मापाचा राहत नाही. आत माल गेला की तो पोटाला थोडा फुगतो. प्रत्येक डब्यामागे एक मिलिमीटर धरला तरी चारांच्या ओळीत चार मिलिमीटर वाढतात. ते धरले नसतील तर शेवटचा डबा ठोसून बसवावा लागतो, खोक्याच्या भिंती बाहेर येतात, फ्लॅप मिळत नाहीत आणि प्रवासात टेप सुटतो. जागा फार सोडली तर खोका हलवल्यावर आत खडखडतो आणि थप्पीत खाली गेला की झाकण आत दबतं.

म्हणून माप आतून बाहेर काढत जावं. आधी मांडणी ठरवायची, मग तिला लागणारा खोका मागवायचा. आपल्या चिक्कीसाठी चार गुणिले दोन गुणिले चार ही मांडणी, फुगवटा आणि हात फिरण्यापुरती सूट धरून आतलं माप ४०.५ × ३०.५ × २४.५. खोकेवाल्याला ऑर्डर देताना आकड्यांपुढे ‘आतलं माप’ असं ठळक लिहायचं, आणि पूर्ण लॉट छापण्याआधी एक नमुना मागवून त्यात भरलेले ३२ डबे बसवून पाहायचे. रिकामे डबे बसवून पाहिले तर फुगवटा कळत नाही.