प्रवर्तित विद्युतधारेच्या दिशेचा पडताळा

चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वा सरकणाऱ्या वाहक तारेत निर्माण होणारी विद्युतधारा कोणत्या दिशेने वाहते, हे फ्लेमिंगच्या उजव्या हाताच्या नियमाने ठरवतात. मिळालेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आणि हाताने काढलेल्या चुंबकीय बलरेषा यांच्या साहाय्याने तपासता येते. हाताची निवड चुकल्यास उत्तर थोडेसे चुकत नाही, ते नेमके उलटे येते. म्हणून शालेय कार्यपत्रिकेतील अशा प्रश्नांत पडताळ्याची पायरी उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. १८३४ मध्ये हाइनरिक लेंझ यांनी प्रवर्तित धारेच्या दिशेचा नियम मांडला. या नियमानुसार प्रवर्तित धारा ज्या बदलामुळे निर्माण होते, त्या बदलालाच ती विरोध करते. हातांचे दोन्ही नियम इंग्लिश अभियंते व प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांच्या नावाने ओळखले जातात.

दोन्ही नियमांत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना लंब धरतात. दोन्हींत तर्जनी चुंबकीय क्षेत्राची आणि मधले बोट विद्युतधारेची दिशा दाखवते. फरक अंगठ्याच्या अर्थात आहे. विद्युत चलित्रात धारा बाहेरून दिलेली असते आणि तारेवर बल निर्माण होते. तेथे डावा हात वापरतात व त्याचा अंगठा बलाची दिशा दाखवतो. विद्युत जनित्रात तार आपण हलवतो आणि धारा निर्माण होते. तेथे उजवा हात वापरतात व त्याचा अंगठा तारेच्या गतीची दिशा दाखवतो.

उदाहरण

कार्यपत्रिकेत पुढील आकृती आहे असे समजू. कागदावर डावीकडे चुंबकाचा उत्तर ध्रुव आणि उजवीकडे दुसऱ्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. दोन्ही ध्रुवांच्या मध्ये एक तार कागदाला लंब आहे, त्यामुळे ती आकृतीत लहान वर्तुळासारखी दिसते. तारेची टोके बाहेरून जोडून परिपथ पूर्ण केला आहे. तार कागदावर वरच्या दिशेने सरकवली, तर धारा कोणत्या दिशेने वाहील?

प्रथम बलरेषा काढाव्यात. चुंबकाबाहेर बलरेषा उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात, म्हणून येथे बाण डावीकडून उजवीकडे येतात. उजव्या हाताची तर्जनी उजवीकडे आणि अंगठा वर धरला, की मधले बोट कागदाच्या आत वळते. म्हणून धारा वाचकापासून दूर, कागदाच्या आत जाते. आकृतीत ती ⊗ या चिन्हाने दाखवतात. कागदातून बाहेर येणाऱ्या धारेसाठी ⊙ हे चिन्ह वापरतात.

डाव्या हाताने पडताळा

धारा वाहू लागताच ती तार चुंबकीय क्षेत्रातील धारावाही तार ठरते आणि तिच्यावर बल क्रिया करते. डाव्या हाताची तर्जनी उजवीकडे आणि मधले बोट कागदाच्या आत धरले, तर अंगठा खाली येतो. तार वर सरकत असताना बल खालच्या दिशेने आहे, म्हणजे ते गतीला विरोध करते. लेंझच्या नियमाशी हे जुळते, म्हणून उत्तर बरोबर आहे.

हा विरोध का आवश्यक आहे, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. क्षेत्र ०.२ टेस्ला, क्षेत्रातील तारेची लांबी ०.१ मीटर, वेग ०.५ मीटर प्रतिसेकंद आणि परिपथाचा रोध ०.५ ओहम मानू. प्रवर्तित विद्युतगामक बल e = Blv, म्हणजे ०.०१ व्होल्ट. धारा ०.०२ अँपिअर. तारेवरील विरोधी बल F = BIl, म्हणजे ०.०००४ न्यूटन. या बलाविरुद्ध तार सरकवण्यासाठी दर सेकंदाला ०.०००२ ज्यूल कार्य करावे लागते, आणि परिपथात दर सेकंदाला तेवढीच विद्युत ऊर्जा निर्माण होते. धारा उलट दिशेने वाहत असती, तर बलाने तारेला पुढेच ढकलले असते. मग तिचा वेग आणि धारा दोन्ही आपोआप वाढत गेली असती, म्हणजे ऊर्जा शून्यातून मिळाली असती. हे अशक्य आहे.

बलरेषांच्या आकृतीने पडताळा

ज्या विद्यार्थ्याने दोन्ही पायऱ्यांत हातांची अदलाबदल केली, त्याला चुकीच्या धारेसाठीही बल गतीच्या विरुद्ध मिळते आणि चूक लपून राहते. बलरेषांची आकृती ही चूक उघड करते, कारण तिच्यात फ्लेमिंगच्या दोन्ही नियमांपैकी एकही वापरलेला नसतो.

त्यासाठी तारेभोवती तिच्या स्वतःच्या धारेमुळे निर्माण होणाऱ्या वर्तुळाकार बलरेषा काढाव्यात. कागदाच्या आत जाणाऱ्या धारेभोवती त्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतात. तारेच्या वरच्या बाजूस त्यांचे बाण उजवीकडे, म्हणजे चुंबकाच्या बलरेषांच्याच दिशेने येतात. खालच्या बाजूस ते डावीकडे, म्हणजे विरुद्ध येतात. म्हणून एकत्रित क्षेत्र वर प्रबळ आणि खाली क्षीण होते. आकृतीत बलरेषा वर दाट व खाली विरळ काढाव्या लागतात. तार दाट बाजूकडून विरळ बाजूकडे, म्हणजे खाली ढकलली जाते.

यावरून एक सोपी खूण मिळते. तार ज्या दिशेने सरकत आहे, त्या दिशेला तिच्या पुढे बलरेषा दाटल्या पाहिजेत. वरील प्रश्नाचे उत्तर चुकून ⊙ लिहिले असते, तर बलरेषा तारेच्या मागे, म्हणजे खाली दाटलेल्या दिसल्या असत्या आणि चूक लगेच लक्षात आली असती.

मर्यादा आणि नेहमीच्या चुका

चुंबकाच्या बलरेषांचे बाणच उलटे काढले असतील, तर वरीलपैकी कोणताही पडताळा ती चूक दाखवत नाही. क्षेत्राची दिशा उलटली की प्रवर्तित धाराही उलटते, आणि त्या दोहोंमुळे तारेवरील बल पुन्हा गतीच्या विरुद्धच येते. म्हणून ध्रुवांची नावे वाचून बाण आधी स्वतंत्रपणे तपासावेत. प्रयोगात हे काम चुंबकसूची करते. तिचे उत्तर टोक क्षेत्राची दिशा दाखवते.

तार स्थिर ठेवून चुंबक हलवल्यास अंगठा चुंबकाच्या गतीच्या उलट दिशेला धरावा लागतो, कारण या नियमात चुंबकाच्या सापेक्ष तारेची गती विचारात घेतात. चुंबकांची जोडी खाली सरकवणे आणि तार वर सरकवणे यांचा परिणाम एकच असतो.

तार बलरेषांना समांतर सरकली, तर ती बलरेषा छेदत नाही आणि विद्युतगामक बल निर्माण होत नाही. परिपथ अपूर्ण असेल, तर विद्युतगामक बल निर्माण होते, पण धारा वाहत नाही. त्यामुळे विरोधी बलही नसते आणि डाव्या हाताचा पडताळा तेथे थेट लागू होत नाही. अशा वेळी परिपथ पूर्ण केल्यास धारा कोणत्या दिशेने वाहील, हे मानून पडताळा घ्यावा.

दोन्ही नियमांतील धारेची दिशा ही सांकेतिक, म्हणजे धन प्रभाराच्या वहनाची दिशा आहे. तारेतील इलेक्ट्रॉन तिच्या उलट दिशेने सरकतात. प्रश्नात इलेक्ट्रॉनांची दिशा विचारली असेल, तर पडताळा पूर्ण झाल्यावर शेवटी दिशा उलटावी.