मेन्यूकार्डावरची चव

स्टॅनफर्ड विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतली साडेसहा हजार मेन्यूकार्डे तपासली. जुराफ्स्की यांच्या 2014 सालच्या पुस्तकात त्याची हकिगत आहे. पदार्थापुढे ‘चविष्ट’, ‘तोंडाला पाणी आणणारा’ अशा अर्थाचा शब्द असला, की त्याची किंमत तशाच इतर पदार्थांपेक्षा सुमारे 9 टक्के कमी असे. शब्दामुळे किंमत उतरते, असा याचा अर्थ नव्हे. महागड्या हॉटेलात चव गृहीतच धरलेली असते, म्हणून तिथे हे शब्द लागत नाहीत. जिथे खात्री द्यावीशी वाटते, तिथेच ते येतात.

आपल्याकडच्या छोट्या हॉटेलांतही ‘स्वादिष्ट’, ‘लज्जतदार’, ‘रुचकर’ सढळ हाताने लिहिलेले असतात. यातला कुठलाही शब्द कुठल्याही पदार्थापुढून काढून दुसऱ्यापुढे ठेवा, काही बिघडत नाही. गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळलेले नसते.

मराठीत याहून कामाचे शब्द भरपूर आहेत. ‘झणझणीत’ वाचले की तिखट न सोसणारा सावध होतो. ‘खुसखुशीत’ म्हणजे मोहन नीट पडलेले, दाताखाली सहज विरघळणारे. ‘कुरकुरीत’ म्हणजे आवाज करत तुटणारे. शंकरपाळ्याला पहिला शब्द शोभतो, कांदाभज्यांना दुसरा. आणि ‘तिखटमिठाचा सांजा’ म्हटले की तो गोडाचा नाही, हे विचारावेच लागत नाही.

माझा सर्वांत आवडता शब्द ‘खमंग’. त्यात भाजल्याचा, परतल्याचा, फोडणीचा वास आहे. काकडीच्या कोशिंबिरीला ‘खमंग काकडी’ म्हणतात ते दाण्याच्या कुटामुळे आणि वरून घातलेल्या तूप-जिऱ्याच्या फोडणीमुळे.

समजा, एका छोट्या हॉटेलच्या कार्डावर ‘चविष्ट थालीपीठ’ आहे. त्याऐवजी ‘भाजणीचे खमंग थालीपीठ, लोण्यासोबत’ असे लिहिले, तर ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी आणि धणे भाजून दळलेले पीठ वापरले आहे, हे कळते. बाहेरचा कुणी ‘भाजणी म्हणजे काय?’ असे विचारेल, पण तेवढ्यावरून बोलणे सुरू होईल. मात्र आता शब्दाची जबाबदारी स्वयंपाकघरावर येते. भाजणी फार दिवस पडून राहिली तर तिला खवट वास येतो. धान्य कमी भाजले गेले असेल, तर थालीपीठ खाताना कच्च्या पिठाची चव लागते. दोन्ही पहिल्या घासालाच समजते, आणि ‘खमंग’ हा शब्द तिथेच खोटा पडतो. ‘चविष्ट’ला असे खोटे पाडताच येत नाही.

एका ओळीत असा एक शब्द पुरे. बाराही पदार्थ झणझणीत असले, तर त्यातला खरा तिखट कोणता, हे वाढणाऱ्यालाच विचारावे लागते. उरलेल्या जागेत उपयोगाचे लिहावे: तर्री वेगळी मिळेल, रश्शात खोबरे आहे, थालीपीठ सांगितल्यावर थापतो, पंधरा मिनिटे लागतील.