कऱ्हाड कुठल्या पानावर आहे?

जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड अनेक ग्रंथालयांनी आता स्कॅन करून ठेवले आहेत. कागद पिवळा पडून तुकडे होण्याआधी हे काम झाले, याचे मोल फार मोठे आहे. पण या खंडांत कऱ्हाडचा उल्लेख कुठे कुठे आला आहे, असे विचारले तर अजूनही पान न् पान डोळ्यांखालून घालावे लागते. स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी निव्वळ चित्र असते. त्यातली अक्षरे ओळखून मजकूर वेगळा काढणे म्हणजे ओसीआर. मराठीच्या वाट्याला ते उशिरा आले. इंटरनेट अर्काइव्हवरच्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या नोंदीत वर्षानुवर्षे `language not currently OCRable` असा शेरा दिसत असे.

आज हे काम घरच्या संगणकावर, एक पैसाही न देता करता येते. टेसरॅक्ट हा अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८०च्या दशकात जन्मला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तो सुटे अक्षर न पाहता अख्खी ओळ एका दमात वाचतो. शिरोरेषेने जोडलेल्या देवनागरीला याचा मोठा फायदा झाला. त्याला मराठी वाचायला लावणाऱ्या फाइलचे नाव `mar`. टेसरॅक्टवर बेतलेला ओसीआरमायपीडीएफ हा दुसरा प्रोग्रॅम अख्खी पीडीएफ घेतो, प्रत्येक पान वाचून घेतो आणि सापडलेले शब्द त्याच पानावर, त्याच जागी, अदृश्य अक्षरांत ठेवतो. वाचकाला पान पूर्वीसारखेच दिसते, पण शोध घेतला की शब्दावर पिवळी पट्टी उमटते.

एक खंड समोर धरू. समजा १९३२ साल, मासिकाचे बारा अंक, प्रत्येकी ६४ पाने, म्हणजे ७६८ पाने. यश किंवा अपयश निम्म्याहून अधिक स्कॅनिंगच्या टेबलावरच ठरते. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये सुमारे बारा ठिपके बसतात. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार त्यात सहा ठिपके रुंद येतो, तर १५० डीपीआयला तीनच. तीन ठिपक्यांचा अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत फरक करणे कुठल्याही प्रोग्रॅमला कठीण जाते. स्कॅन शुद्ध काळे-पांढरे न ठेवता राखाडी छटांत करावे, हेही यासाठीच. काळे-पांढरे करताना फिकी शाई पांढऱ्यात जाते, आणि आधी नाहीशी होतात त्या वेलांट्या आणि उकारांची टोके.

दुसरा धोका बांधणीचा. जाड खंड उघडला की शिवणीजवळ ओळी वाकतात. पान नुसते तिरके असेल तर प्रोग्रॅम ते सरळ करतो, पण वाकलेली ओळ त्याच्याने सरळ होत नाही. तिथे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत मिसळतात आणि प्रत्येक ओळीचे शिवणीकडचे दोनतीन शब्द बिघडतात. ओसीआरचा मजकूर उघडल्यावर चुका ओळींच्या एकाच टोकाला गोळा झालेल्या दिसल्या, तर दोष ओसीआरचा नसून शिवणीचा आहे असे समजावे आणि ती पाने काचेखाली दाबून पुन्हा स्कॅन करावीत. दोन समोरासमोरची पाने एकाच चित्रात आली असतील तर तीही आधी वेगळी करून घ्यावीत, नाहीतर डाव्या पानाची ओळ उजव्या पानात शिरते.

स्कॅन झाले की बाराही पीडीएफ `scan` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि रात्री हे चालू करून झोपायचे:

```
mkdir -p pdf txt
for f in scan/*.pdf; do
  n=$(basename "$f" .pdf)
  ocrmypdf -l mar --deskew --sidecar "txt/$n.txt" \
    "$f" "pdf/$n.pdf" || echo "$n" >> failed.txt
done
```

यातून प्रत्येक अंकाच्या दोन वस्तू हाती येतात: शोधता येणारी पीडीएफ आणि निव्वळ मजकुराची फाइल. ही दुसरी फाइल फार महत्त्वाची आहे. पीडीएफमधून देवनागरी शोधताना किंवा उचलताना काही वाचक-प्रोग्रॅम मात्रा आणि अक्षरे मागेपुढे करतात. मजकुराच्या फाइलला ती बाधा होत नाही. `mar` बरोबर इंग्रजीही जोडण्याचा मोह टाळावा. पानावर खरोखर इंग्रजी परिच्छेद असतील तरच `mar+eng` लिहावे, एरवी मराठी आकडे आणि विरामचिन्हे इंग्रजी होऊन येतात.

`failed.txt` मध्ये नावे दिसली तर पहिला संशय एकाच गोष्टीचा घ्यावा. अनेक स्कॅनर आपणहून इंग्रजी ओसीआर करून टाकतात आणि मराठी पानाखाली रोमन अक्षरांचा कचरा साठतो. आत मजकूर आधीपासून आहे असे पाहून ओसीआरमायपीडीएफ थांबतो. अशा वेळी `--skip-text` वापरले तर थांबणे टळते, पण कचरा जागेवरच राहतो. `--redo-ocr` ने तो निघतो, मात्र तो पर्याय `--deskew` सोबत चालत नाही. म्हणून स्कॅनरमधली ही सोय सुरुवातीलाच बंद करणे सर्वांत बरे.

सकाळी काय पाहायचे? प्रत्येक पानावर किती अक्षरे सापडली, ते मोजावे. मासिकाच्या भरगच्च पानावर दोन हजारांच्या आसपास अक्षरे असतील आणि एखाद्यावर दोनशेच निघाली, तर ते चित्राचे पान आहे, जाहिरात आहे, किंवा पान उलटे स्कॅन झाले आहे. एवढी थोडी पाने डोळ्यांनी पाहून होतात. मग खंडात विखुरलेली दहा पाने हाताने टंकून ओसीआरशी ताडून पाहावीत. शंभर अक्षरांत एक चूक निघाली, तर पानावर वीस चुका होतात. वाचायला हा मजकूर त्रासदायक वाटेल, पण शोधायला तो चांगला चालतो. सरासरी पाच अक्षरांचा शब्द धरला तर वीस शब्दांत एकच बिघडतो, आणि ज्या लेखात आपला शब्द तीनचारदा आला आहे तो लेख बहुधा निसटत नाही. दोन रकान्यांची पाने मात्र वाचूनच तपासावी लागतात. वाक्य दर अर्ध्या ओळीला भलत्याच विषयावर उडी मारत असेल, तर रकाने एकत्र वाचले गेले आहेत.

आता कऱ्हाड शोधू. इथे मराठीची खरी अडचण समोर येते, आणि माझ्या मते बहुतेक ग्रंथालयांचे काम इथेच अर्धवट राहते. ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात: एक नुक्त्याच्या ‘ऱ’ने, दुसरी साध्या ‘र’नंतर हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी आहेत. त्यात ओसीआर कधी रफार देऊन ‘कर्हाड’ वाचतो, तर कधी त्या अर्ध्या ‘र’चा ‘न’ करतो. जुन्या मराठीचे ओसीआर पाहिलेल्यांना ‘दुसन्या’, ‘बन्याच’ आणि ‘वन्हाड’ हे शब्द चांगलेच ओळखीचे आहेत.

लेखनाचा प्रश्न याहून जुना आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या अंकांत ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘तूं’ असे अनुस्वार जागोजागी आहेत. आजचा अभ्यासक ‘काही’ असे लिहून शोधेल आणि त्याला काहीच सापडणार नाही. अनुस्वार छापलेला असूनही ओसीआरच्या नजरेतून सुटतो, तेव्हा एकाच पानावर दोन्ही रूपे दिसतात.

म्हणून शोधासाठी मजकुराची निराळी प्रत करावी. मूळ मजकुराला हात लावू नये. तो १९३२चा आहे आणि तसाच राहायला हवा. शोधप्रतीत मात्र अनुस्वार आणि न दिसणारी चिन्हे काढून टाकावीत, दीर्घाचे ऱ्हस्व आणि ‘ऱ’चा ‘र’ करावा, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडावेत. पायथॉनमध्ये ते एवढेच आहे:

```
import re, unicodedata
T = str.maketrans("\u0931\u0908\u090a\u0940\u0942",
                  "\u0930\u0907\u0909\u093f\u0941")
def shodhrup(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = re.sub(r"-\s*\n\s*", "", s)
    s = re.sub("[\u0902\u200c\u200d]", "", s)
    return " ".join(s.translate(T).split())
```

ओसीआरमायपीडीएफ मजकुराच्या फाइलमध्ये दोन पानांच्या मध्ये पान-बदलाचे चिन्ह ठेवतो. आधी त्या चिन्हावर तोडून, मग प्रत्येक पान `shodhrup` मधून काढून `shodh` फोल्डरमध्ये त्याची वेगळी फाइल करावी आणि नावात वर्ष, महिना, पान घालावे: `1932-03-017.txt`. मग मार्चच्या अंकाचे सतरावे पान नावावरूनच कळते. ते स्कॅनमधले सतरावे असते, छापलेला आकडा मुखपृष्ठामुळे थोडा मागेपुढे होतो.

शोधप्रतीत ‘कांहीं’ आणि ‘काही’ दोन्ही ‘काहि’ होतात. शोधाचा शब्दही याच चाळणीतून काढावा लागतो, नाहीतर जुळणार नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ही एक होतात. त्यामुळे चार नको असलेली पाने वाढतात, ती पाहून बाजूला ठेवता येतात. जे पान सापडलेच नाही, ते आहे हेही कुणाला कळत नाही, म्हणून जास्त सापडण्याची ही चूक मी आनंदाने पत्करते. उरला तो ‘न’. सगळ्या ‘न्या’चे ‘ऱ्या’ करून टाकले तर ‘सोन्याचा’ हा शब्दही बिघडेल, म्हणून हा पर्याय शोधतानाच द्यावा:

```
grep -lE 'क(र्|न्)हाड|कराड' shodh/*.txt
```

या एका ओळीत कऱ्हाडची सगळी रूपे येतात, ‘कऱ्हाडास’ आणि ‘कऱ्हाडचा’ सुद्धा, कारण शब्दाचा तुकडाही जुळलेला चालतो. सोबत ‘कऱ्हाडे’ आणि ‘कराडकर’ येतील, ते वगळणे माणसाचे काम. जिथे विभक्तीपूर्वी शब्दच बदलतो, तिथे शोध आखूड करावा: पुण्यासाठी ‘पुण’ एवढेच, म्हणजे ‘पुणे’ निसटणार नाही, ‘पुण्यात’साठी वेगळे ‘पुण्य’ लिहावे लागत नाही, पण पाप-पुण्यातले पुण्यही हाती येते. यासाठी मोठा डेटाबेस लागत नाही. देवनागरीचे एक अक्षर तीन बाइटचे धरले तरी ७६८ पानांचा मजकूर पाच एमबीच्या आतच भरतो, आणि उत्तर क्षणात येते.

टाइपही सारखा नसतो. लेखाचा मजकूर नीट वाचला जातो, पण सजावटीच्या अक्षरांतले मथळे बहुधा हरवतात, आणि लेखाचे नाव नेमके तिथेच असते. म्हणून प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका हाताने टंकून घ्यावी. अंकामागे एकदोन पानांचे काम आहे आणि लेखकांची नावे त्यात नीट येतात. ‘अि’, ‘अु’ अशी स्वरांची सुधारित लिपी वापरणारे अंक असतील, तर ती रूपे चाळणीत भर घालून ‘इ’, ‘उ’ करावीत. हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे या वाटेने वाचली जात नाहीत, ती वेगळी ठेवावीत.

जतन करताना मूळ स्कॅन, ओसीआरचा कच्चा मजकूर आणि शोधप्रत वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असावेत. कोणत्या आवृत्तीच्या प्रोग्रॅमने आणि कोणत्या तारखेला वाचन झाले, याची दोन ओळींची नोंद शेजारी ठेवावी. मराठीची अधिक चांगली `mar` फाइल मिळाली की मूळ स्कॅनवरूनच सगळे पुन्हा चालवायचे, आणि तेव्हा हाताने टंकलेली ती दहा पाने पुन्हा ताडून किती सुधारणा झाली ते मोजता येते.