बायो म्हणजे दुकानाची पाटी: नव्या माणसाला काय मिळणार, हे १५० अक्षरांत कसं सांगायचं?

आपल्या मागच्या व्हिडिओत इन्स्टाग्रामच्या बायोचा विषय थोडक्यात झाला होता. आज तोच नीट, एका उदाहरणावर करून बघू. जमलं तर हातात मोबाईल घेऊनच वाचा.

आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'ध्येयवेडा, स्वप्नाळू, कोल्हापूरचा लेक' असं कुणी लिहीत नाही. 'सर्व प्रकारचे नट-बोल्ट मिळतील, सोमवारी बंद' असं लिहितो. पाटी वाचणाऱ्याला मालकाचा स्वभाव नको असतो. आत गेलो तर काय मिळेल, एवढंच त्याला हवं असतं. बायोचंही तेच काम आहे.

समजा, कोल्हापूरच्या एक ताई घरगुती रेसिपीचे रील्स टाकतात आणि स्वतः केलेला कांदा लसूण मसाला विकतात. त्यांचा बायो असा आहे: 'फूडी | मॉम | ड्रीमर | चवीशी तडजोड नाही | ऑर्डरसाठी डीएम करा'. पुण्यातल्या एका बाईंनी त्यांचं रील पाहिलं, प्रोफाइल उघडलं आणि सोमवारी रात्री मेसेज केला, 'गुरुवारी घरी कार्यक्रम आहे, मसाला मिळेल का?' ताईंचं कुरिअर मंगळवारी जातं, पण त्या पार्सलची ऑर्डर रविवारीच बंद झालेली असते. म्हणजे ऑर्डर गेली, आणि समोरच्या बाईंना वाटलं की ह्या ताळमेळ नसलेल्या आहेत. खरं तर ताईंचा ताळमेळ पक्का आहे, फक्त तो बायोत लिहिलेला नाही.

पहिलं काम: नावाची जागा

Edit profile मध्ये Name नावाची वेगळी जागा असते. तुमचं युजरनेम वेगळं आणि हे वेगळं. सर्चमध्ये ह्या जागेतले शब्दही शोधले जातात, म्हणून इथे नुसतं स्वतःचं नाव लिहून जागा वाया घालवू नका. गिऱ्हाईक जे टाइप करेल तेच लिहा. आपली बरीच मंडळी मराठी शब्दही इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून दोन्ही द्या:

```
Kanda Lasun Masala | कांदा लसूण मसाला
```

एक लक्षात ठेवा, हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. त्यामुळे आधी कागदावर ठरवा, मग टाका.

दुसरं काम: चार ओळींचा बायो

बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत लिहिताना इथेच गडबड होते. 'कोल्हापुरी' हा शब्द आपल्या डोळ्यांना को-ल्हा-पु-री असा चार अक्षरांचा दिसतो, पण मोबाईल काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजतो. म्हणजे तो एक शब्दच दहा अक्षरं खातो. म्हणून शोभेचे शब्द आधी काढायचे. ताईंचा नवा बायो असा होईल:

```
कोल्हापुरी घरगुती रेसिपी, दर मंगळवार-शुक्रवार
कांदा लसूण मसाला: पाव आणि अर्धा किलो
ऑर्डर रविवारपर्यंत, कुरिअर मंगळवारी
ऑर्डरची लिंक खाली
```

ओळी बदलण्यासकट हे १३६ अक्षरांत बसतं. आता प्रत्येक ओळ काय करते ते बघा. पहिली ओळ फॉलो करणाऱ्याला सांगते की काय बघायला मिळेल आणि कधी. दुसरी ओळ विकत घेणाऱ्याला माल आणि माप सांगते. तिसरी ओळ सोमवारी रात्रीचा तो मेसेज वाचवते. चौथी ओळ पुढचं पाऊल दाखवते. क्रमही महत्त्वाचा आहे. बायो लांबला की खालचा भाग दुमडून more च्या मागे जातो, म्हणून मुख्य गोष्ट वरच हवी.

किंमत मुद्दामच घातलेली नाही. मिरचीचा भाव बदलला की मसाल्याचा बदलतो, आणि बायोतला जुना भाव दाखवून गिऱ्हाईक वाद घालतं. भाव ऑर्डरच्या लिंकवर ठेवा, तिथे बदलणं सोपं.

तिसरं काम: पिन केलेली पोस्ट आणि तिची पहिली ओळ

प्रोफाइलवर तीन पोस्ट पिन करता येतात, त्या सगळ्यात वर राहतात. आपल्याला एकच पुरे: 'इथे काय चालतं' हे सांगणारं छोटं रील. बहुतेक जण ह्या रीलच्या कॅप्शनची सुरुवात 'नमस्कार, माझ्या पेजवर तुमचं मनापासून स्वागत आहे' अशी करतात. कॅप्शन दुमडलेलं असताना सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, आणि ते स्वागतातच संपतात. त्याऐवजी:

```
मंगळवार-शुक्रवार रेसिपी, रविवारपर्यंत मसाल्याची ऑर्डर.
```

स्वागत दुसऱ्या ओळीत करा, कुणाला राग येत नाही. त्याखाली बायोत न मावलेल्या गोष्टी लिहा: मसाला किती तिखट आहे, किती दिवस टिकतो, पैसे आधी घेता की नंतर. खाद्यपदार्थ विकत असाल तर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही इथे द्या. आणि एक ओळ 'काय मिळणार नाही' याची असू द्या: 'हॉटेलचे रिव्ह्यू टाकत नाही, कॅश ऑन डिलिव्हरी नाही.' हे वाचून परत जाणारा माणूस तसाही गिऱ्हाईक होणार नव्हता. तुमचा आणि त्याचा, दोघांचाही वेळ वाचला.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

आधी घरातल्या कुणाला नको, तर तुमचा धंदा माहीत नसलेल्या माणसाला प्रोफाइल पाच सेकंद दाखवा आणि मोबाईल काढून घ्या. इथे काय मिळतं, कधी मिळतं आणि कसं मागवायचं, एवढं विचारा. ज्याचं उत्तर आलं नाही, ती ओळ पुन्हा लिहा.

मग मेसेज बघा. बायो बदलायच्या आधीचे वीस आणि नंतरचे वीस मेसेज वाचून, 'कधी पाठवता?', 'कुठून आहात?' असे प्रश्न किती जणांनी विचारले ते वहीत लिहा. हे प्रश्न कमी झाले तर पाटी वाचली जाते आहे. प्रोफेशनल अकाउंट असेल तर इन्साइट्समध्ये प्रोफाइलला भेट देणारे किती आणि लिंकवर टॅप करणारे किती, हेही दिसतं. भेटी तेवढ्याच आणि टॅप वाढले, तर काम झालं. भेटीच कमी असतील तर दोष बायोचा नाही. बायो आलेल्या माणसाला थांबवतो, माणूस आणायचं काम रीलचं.

शेवटी दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, बायोत मंगळवार-शुक्रवार लिहिलंय आणि शेवटच्या नऊ पोस्टमध्ये चार सणांच्या शुभेच्छा आहेत. नवा माणूस बायो वाचून लगेच खालच्या चौकटी बघतो, तिथे वेगळंच दिसलं की पाटी खोटी ठरते. आठवड्याला एकच रील जमत असेल तर एकच लिहा. दुसरं, फेब्रुवारीतही 'दिवाळी फराळाची ऑर्डर चालू' तसंच राहतं. वाचणाऱ्याला वाटतं, दुकान बंद पडलं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा आणि बायोची पहिली आणि तिसरी ओळ तपासा, कारण वार आणि तारखा तिथेच असतात. पाच मिनिटांचं काम आहे.