न जमणाऱ्या अटींची एलसी

सांगलीच्या पेठेतली हळद बांगलादेशात जाते, त्यात नवल काही नाही. सौदा फोनवर ठरतो, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस मेलने जातं आणि काही दिवसांनी ढाक्यातल्या एखाद्या बँकेची एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, इथल्या बँकेमार्फत निर्यातदाराच्या हाती पडते. ती आली की घरात, पेढीवर एक निवांतपणा येतो. पैसे देण्याची जबाबदारी आता खरेदीदाराच्या बरोबरीने त्याच्या बँकेनेही घेतलेली असते. या निवांतपणातच पुष्कळदा एलसीची प्रिंट फाइलला लागते आणि माल भरायची गडबड सुरू होते.

बँकेची हमी मात्र सशर्त असते. एलसीत मागितलेला प्रत्येक कागद, मागितला आहे तशाच मजकुराचा, मागितलेल्या मुदतीत हजर केला तरच पैसे. हळद किती पिवळी होती, पॉलिश किती चांगलं होतं, याच्याशी बँकेला कर्तव्य नाही. जगभरच्या बँका एलसीसाठी जे नियम पाळतात त्या ‘यूसीपी ६००’मध्ये (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत) हे स्वच्छ लिहिलं आहे: बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. मग एखादा कागद मुळात कुणी देऊच शकत नसेल तर काय?

समजा, सांगलीच्या एका निर्यातदाराने छत्तोग्रामला ३६ टन हळकुंड पाठवायचं ठरवलं. भाव टनाला १,७०० डॉलर, भाड्यासकट. दोन वीस फुटी कंटेनर, पन्नास किलोची पोती, एकूण रक्कम ६१,२०० डॉलर. सौद्यात बोटीवर माल चढवायला पंचेचाळीस दिवस ठरले होते. एलसी ३ फेब्रुवारीला निघाली, ६ तारखेला सांगलीत पोचली आणि तिच्यातली माल चढवायची शेवटची तारीख निघाली २० फेब्रुवारी. न्हावा शेवाहून सोयीची बोट २४ तारखेला. हा निर्यातदार कल्पित आहे, पण पुढे येणारी कलमं रोजच्या एलसींत सापडतात.

तारखेची चूक डोळ्यांना लगेच दिसते. फायटोची दिसत नाही. फायटो म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, माल कीड-रोगांपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला. भारतात तो केंद्र सरकारच्या वनस्पती संगरोध विभागाकडून मिळतो. आपल्या एलसीत लिहिलं आहे की फायटोवर एलसीचा नंबर हवा आणि ‘माल मानवी सेवनास योग्य आहे’ असं वाक्यही हवं. ढाक्याच्या बँकेतल्या माणसाला यात काही वावगं वाटलं नसणार. बहुधा जुन्या एलसीतून मजकूर उचलला असेल, किंवा खरेदीदाराने ‘सगळ्या कागदांवर एलसी नंबर’ असं सरसकट सांगितलं असेल. पण या दाखल्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि त्यांनुसार त्यात वनस्पतींच्या आरोग्याखेरीज दुसरं काही प्रमाणित करायचं नसतं. माणसाचं आरोग्य, कीटकनाशकांचे अंश, मालाची प्रत, एलसीच्या अटी, हे सगळं त्याच्या कक्षेबाहेर. फार तर एलसीचा नंबर लिहिलेली एक वेगळी चिठ्ठी जोडता येते आणि तीही दाखल्याचा अधिकृत भाग मानली जात नाही. म्हणजे निर्यातदाराने कितीही खेटे घातले तरी तो अधिकारी ते वाक्य लिहून देणार नाही आणि ते वाक्य नसेल तर बँक पैसे देणार नाही.

तिसरं कलम जास्त बेरकी. तपासणीचा दाखला हवा, त्यावर खरेदीदाराच्या प्रतिनिधीची सही हवी आणि ती सही एलसी उघडणाऱ्या बँकेकडच्या नमुन्याशी जुळायला हवी. वाचायला किती साधं! पण प्रतिनिधी आलाच नाही तर? आला आणि सही वेगळी केली तर? नमुना निर्यातदाराला कधी पाहायलाही मिळत नाही. या एका कलमाने बँकेची हमी पुन्हा खरेदीदाराच्या मर्जीवर जाऊन बसते. हळदीचा भाव उतरला की असे प्रतिनिधी आजारी पडतात, असं म्हणायचा मोह होतो. नेहमी तसं नसेलही. पण पैसे ज्याच्याकडून यायचे त्याच्याच सहीवर ते अडकावेत, हे कलम निर्यातदाराने मान्य करू नये.

यावर उपाय एकच, माल हलण्याआधी एलसी बदलून घेणं. ही मागणी खरेदीदाराकडे करायची असते. इथल्या बँकेने एलसी फक्त पोचती केलेली असते, तिला त्यात खाडाखोड करता येत नाही. ढाक्याची बँक आपल्या ग्राहकाच्या अर्जाशिवाय हलत नाही. म्हणून निर्यातदार खरेदीदाराला लिहितो, खरेदीदार आपल्या बँकेत अर्ज देतो आणि ती बँक एलसी ज्या वाटेने आली त्याच वाटेने दुरुस्ती धाडते. बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेत एलसीचा संदेश MT700 असतो, दुरुस्तीचा MT707.

पत्र लिहिताना दोन गोष्टी बहुतेकांच्या चुकतात. पहिली म्हणजे तक्रारीचा सूर. ‘तुमची एलसी चुकीची आहे, कृपया दुरुस्त करा’ एवढं वाचून खरेदीदाराच्या ऑफिसातला मुलगा बँकेत कोणता अर्ज भरणार? त्याला थेट उतरवून घेता येईल असा मजकूर द्यावा लागतो. आपला निर्यातदार असं लिहील: रकाना 44C मध्ये २० फेब्रुवारीऐवजी १५ मार्च वाचावे. रकाना 31D मध्ये एलसीची मुदत ५ मार्चऐवजी ५ एप्रिल आणि ठिकाण ढाक्याऐवजी भारत वाचावे. रकाना 46A मधल्या फायटोच्या कलमातून एलसी नंबर आणि मानवी सेवनाचा उल्लेख वगळावा, त्याऐवजी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल चालेल असे घालावे. त्याच रकान्यातला प्रतिनिधीच्या सहीचा दाखला काढून स्वतंत्र तपासणी संस्थेचा दाखला ठेवावा. प्रत्येक बदलामागे एका ओळीत कारण. शेवटी दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा तेही. चूक सौद्याच्या विरुद्ध एलसी उघडल्याने झाली असेल तर खरेदीदाराने, निर्यातदाराची स्वतःची सोय असेल तर त्याने, अशी साधारण वहिवाट. चार पैशांसाठी या मुद्द्यावर आठवडा घालवणारेही असतात आणि तेवढ्यात बोट जाते.

ठिकाणाचा मुद्दा वरवर किरकोळ दिसतो. पण मुदत ‘ढाक्यात’ संपत असेल तर कागद त्या तारखेला ढाक्याच्या बँकेच्या टेबलावर पोचलेले हवेत. कुरियर अडला की नुकसान निर्यातदाराचं. मुदत भारतात संपत असेल तर आपल्या बँकेत वेळेत दिले की झालं.

दुसरी चूक म्हणजे सगळंच बदलून मागणं. आपल्या एलसीत आणखी एक कलम आहे: वाटेत एका बोटीतून दुसऱ्या बोटीत माल हलवायला मनाई. न्हावा शेवाहून छत्तोग्रामला जाणारे कंटेनर पुष्कळदा कोलंबोला बोट बदलतात, त्यामुळे हे वाचून घाम फुटतो. पण माल कंटेनरमध्ये आहे हे बिल ऑफ लेडिंगवर दिसत असेल आणि सगळा प्रवास एकाच बिलावर असेल, तर अशी मनाई असतानाही बोट बदलल्याचा उल्लेख असलेलं बिल बँक स्वीकारते, हे यूसीपीच्या २० व्या कलमातच आहे. एलसीने ते उपकलम मुद्दाम वगळलेलं नाही, एवढं तपासलं की पुरे. ही मागणी पत्रातून गाळावी. यादी जितकी लांब, तितका खरेदीदार वैतागतो.

इथे एक जुना खटला आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या हॅम्ब्रोज बँकेवर रेनर या कंपनीने दावा लावला होता. डेन्मार्कच्या खरेदीदारासाठी उघडलेल्या एलसीत माल होता ‘कोरोमंडल शेंगदाणे’. बिल ऑफ लेडिंगवर लिहून आलं ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’. दोन्ही एकच, हे या व्यापारातल्या कुणालाही ठाऊक होतं. बँकेने पैसे नाकारले आणि अपील न्यायालयाने बँकेचंच बरोबर ठरवलं. प्रत्येक धंद्याच्या रीती-बोली माहीत असणं हे बँकेचं काम नाही, असा त्या निकालाचा आशय. ‘आमच्या धंद्यात हे चालतं’ हा युक्तिवाद तेव्हापासून एलसीच्या बाबतीत चालत नाही.

तरी पुष्कळ जण अडकतात ते एका गोड मेलमध्ये. खरेदीदार कळवतो, ‘अमेंडमेंट देतोय, तुम्ही माल भरा, आपण सांभाळून घेऊ.’ हा मेल बँकेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. दुरुस्ती बँकेकडून आली तरच ती दुरुस्ती. मेलच्या भरवशावर कंटेनर गेला की कागदांत त्रुटी निघते. कागद तपासायला बँकेला पाच कामाचे दिवस असतात, त्याच मुदतीत ती खरेदीदाराला विचारू शकते की त्रुटीसह कागद घेणार का. तोवर हळद छत्तोग्रामच्या धक्क्यावर, भाडं चढतंय आणि खरेदीदाराचा फोन येतो: टनामागे थोडं कमी करा, मग सही करतो. हळद परत आणायचा खर्च काढला की हे ‘थोडं’ बहुतेक जण कबूल करतात.

दुरुस्ती आली की तीही पहिल्या एलसीइतकीच बारकाईने वाचायची. तिच्यात भाव १,७०० चा १,६६० करणारी एक ओळ घुसलेली असू शकते. दहाव्या कलमाप्रमाणे दुरुस्ती अर्धी स्वीकारता येत नाही. तारीख घेतली आणि भाव नाकारला, तर सगळी दुरुस्तीच नाकारली असं धरलं जातं. निर्यातदार होकार कळवत नाही तोवर त्याच्यापुरती मूळ एलसी जशीच्या तशी चालू राहते. ‘अमुक दिवसांत नकार न आल्यास मान्य समजू’ असं दुरुस्तीत लिहिलं असलं तरी त्याला अर्थ नसतो. मात्र गप्प राहून नव्या अटींप्रमाणे कागद सादर केले, तर तोच होकार ठरतो.

आपल्या निर्यातदाराला दुरुस्ती १७ फेब्रुवारीला मिळाली. फायटोचं वाक्य गेलं होतं. प्रतिनिधीच्या जागी स्वतंत्र संस्था आली होती. माल चढवायची तारीख १५ मार्च झाली होती. रकाना 31D मात्र कुणी हातही लावला नव्हता: मुदत ५ मार्च, ढाका. माल चढवायला १५ मार्चपर्यंत सवलत आणि एलसी मरणार दहा दिवस आधी! असं घडतं, कारण अर्ज भरणारा ‘तारीख’ म्हटल्यावर एकच तारीख बदलतो. २४ तारखेच्या बोटीने माल गेला असता तरी बिल ऑफ लेडिंग हाती येऊन, सगळे कागद जुळवून ५ मार्चला ढाक्यात पोचवणं कठीणच होतं. त्याने कंटेनर भरायचं थांबवलं, शिपिंग एजंटला बुकिंग पुढच्या बोटीवर टाकायला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी खरेदीदाराला दुसरं पत्र पाठवलं. या वेळी त्यात एकच रकाना होता.